हॉटेलचं बिल वरून खाली वाचा

पुण्यात परमिट रूम असलेल्या एखाद्या हॉटेलात चौघं जेवायला बसली आहेत असं समजू. दोन सुरमई थाळ्या, प्रत्येकी 450 रुपये. एक कोंबडी वडे, 380. चार सोलकढ्या 60 रुपयांप्रमाणे आणि पाण्याच्या दोन बाटल्या 40 रुपयांप्रमाणे. खाण्यापिण्याचे 1600 रुपये झाले. शिवाय बिअरच्या दोन बाटल्या 350 रुपयांप्रमाणे, म्हणजे 700. बिअरच्या दरात राज्याचा व्हॅट धरलेला आहे. हॉटेलनं त्या आठवड्यात जेवणावर दहा टक्के सूट जाहीर केली आहे, म्हणजे 160 रुपये कमी व्हायला हवेत.

बिल येतं ते असं. एकूण 2300. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज 230, झाले 2530. त्यावर पाच टक्के जीएसटी 126 रुपये 50 पैसे, झाले 2656 रुपये 50 पैसे. त्यातून सूट 160 वजा. राहिले 2496 रुपये 50 पैसे, ते पूर्णांकात 2497. बेरीज-वजाबाकी अचूक आहे, कागद छापील आहे, वर जीएसटी क्रमांकही आहे. कार्ड पुढे करताना कोणालाच शंका येत नाही.

हेच बिल नियमाप्रमाणे केलं तर 2212 रुपये होतं. मधले 285 रुपये कुठून आले, हे ओळीओळीनं पाहिलं की हॉटेलच्या बिलाबद्दल कळण्यासारखं बहुतेक सगळं कळतं.

आधी करापासून सुरुवात करू. आपण जिथे रोज जेवतो त्या साध्या हॉटेलांना 15 नोव्हेंबर 2017 पासून पाच टक्के जीएसटी लागतो. वातानुकूलित असो वा नसो, दर एकच. हे पाच टक्के बिलावर दोन भागांत दिसले पाहिजेत, अडीच टक्के केंद्राचा सीजीएसटी आणि अडीच टक्के राज्याचा एसजीएसटी. दोन्ही ओळींत पाच-पाच टक्के दिसले तर यंत्रात दर चुकीचा भरलेला आहे. वेगळा दर आहे तो महागड्या निवासी हॉटेलांच्या आतल्या रेस्टॉरंटांना. ज्या हॉटेलच्या खोलीचं भाडं दिवसाला 7500 रुपयांच्या वर जातं, तिथलं जेवण अठरा टक्क्यांत येतं.

पाच टक्क्यांच्या व्यवस्थेत मालकाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तेलाचा डबा, जागेचं भाडं, नवा एसी यांवर त्यानं भरलेला जीएसटी त्याच्या खर्चातच जिरतो. त्यामुळे ग्राहकाकडून घेतलेल्या पाच टक्क्यांपैकी एक पैसाही गल्ल्यात राहत नाही, तो पूर्ण सरकारजमा करावा लागतो. काही मालक म्हणतात, आम्हीही खरेदीवर कर भरतोच की. म्हणणं खरं आहे, पण तो खर्च थाळीचा दर ठरवताना धरायचा असतो, कराच्या ओळीत नव्हे.

आता आपल्या बिलातली पहिली चूक, सूट. जी सूट बिलावरच दाखवली आहे ती आधी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर कर बसतो. 1600 मधून 160 गेले, 1440 उरले, त्यावर 36 आणि 36 असे 72 रुपये कर. आपल्या बिलात मात्र कर पूर्ण 1600 वर लावून सूट सर्वांत शेवटी वजा केली. फरक फक्त आठ रुपयांचा. पण ही चूक माणसाची नाही, बिलिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगची आहे. ती सेटिंग बदलेपर्यंत सूट दिलेल्या प्रत्येक बिलात हेच होत राहणार.

दुसरी चूक बिअरची. माणसांनी पिण्याचं मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, जीएसटी नाही. इथे एकूण रकमेवर सरसकट पाच टक्के लावल्यामुळे बिअरवर 35 रुपये जास्तीचे घेतले गेले. बरीच हॉटेलं मद्याचं बिल वेगळं देतात, ते सोयीचं. जेवण आणि मद्य एकाच कागदावर छापायचं असेल तर दोन्हींची बेरीज वेगळी हवी आणि जीएसटी फक्त जेवणाच्या बेरजेवर हवा. सोडा, लिंबूपाणी, मॉकटेल हे जेवणाच्या बाजूला येतात, बिअर, वाइन, व्हिस्की दुसऱ्या बाजूला. याच्या उलट चूकही होते. दुकानात शीतपेयावर बराच मोठा जीएसटी असतो, म्हणून सॉफ्टवेअर बसवणारा माणूस हॉटेलच्या मेनूतही त्या पेयासमोर तोच दर टाकून मोकळा होतो. वास्तविक हॉटेलात टेबलावर वाढलेलं शीतपेय रेस्टॉरंटच्या सेवेचा भाग असतं आणि जेवणासारखंच पाच टक्क्यांत येतं.

उरले 241 रुपये 50 पैसे. हा सगळा सर्व्हिस चार्जचा हिशेब आहे. 230 रुपये सर्व्हिस चार्ज, आणि त्यावरचा जीएसटी 11 रुपये 50 पैसे. बाकीचे 50 पैसे पूर्णांकात गेले.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. त्यातला रुपयाही सरकारला जात नाही, तो हॉटेलकडे राहतो. गोंधळ होण्याला जुनं कारण आहे. जून 2017 पर्यंत वातानुकूलित हॉटेलांच्या बिलात खरोखरच सर्व्हिस टॅक्स असायचा, आणि त्याच्याच वरखाली सर्व्हिस चार्ज छापलेला असायचा. जीएसटी आला, सर्व्हिस टॅक्स गेला, सर्व्हिस चार्जची ओळ तशीच राहिली. आजही अनेकांना ती सरकारी वाटते, आणि सरकारी वाटते म्हणूनच ते ती मुकाट्यानं भरतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात टाकायचा नाही. दुसरं नाव देऊनही तो घ्यायचा नाही. तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, आणि तो देणार नाही म्हणून कोणाला दारात अडवायचं नाही. तो जेवणाच्या रकमेत मिसळून एकूण रकमेवर जीएसटीही लावायचा नाही. हॉटेलमालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती मिळाली. अंतिम निकाल लागला 28 मार्च 2025 रोजी. न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी दोन्ही याचिका फेटाळल्या, प्रत्येकीला एक लाख रुपयांचा खर्च ठोठावला आणि सूचना कायम ठेवल्या. या निकालाविरुद्ध संघटनांनी त्याच न्यायालयाच्या खंडपीठापुढे अपील केलं आहे.

मालकांचं म्हणणं असं की दर ठरवणं हा आमचा हक्क आहे आणि हा पैसा कामगारांना जातो. दर ठरवण्याचा हक्क कोणीच काढून घेतलेला नाही. सुरमई थाळी 450 ऐवजी 500 ला विकायची तर मेनूकार्डावर 500 छापा, लोक वाचतील आणि परवडलं तर बसतील. आक्षेप आहे तो मेनूवर एक किंमत दाखवून जेवण झाल्यावर दुसरी वसूल करण्याला. शिवाय टेबल, पंखा, ताटवाटी, वाढणारा माणूस या सगळ्याचे पैसे थाळीच्या दरात आधीच धरलेले असतात. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हॉटेलांना छापील किमतीपेक्षा जास्त दरानं पाण्याची बाटली विकू दिली, तीही याच कारणानं: ग्राहक तिथे नुसतं पाणी विकत घ्यायला गेलेला नसतो, त्या जागेचा आणि सेवेचाही उपभोग घेत असतो. आपल्या बिलातली 40 रुपयांची बाटली त्या न्यायानं चालते. पण सेवा एकदा बाटलीच्या दरात धरली, तर तीच बिलाच्या तळाशी पुन्हा कशी मोजता येईल? मला तरी याचं उत्तर मालकांच्या बाजूनं दिसत नाही.

आता करसल्लागारही ज्या ठिकाणी अडखळतात तो मुद्दा. सर्व्हिस चार्जवर जीएसटी लावायचा की नाही? जीएसटी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे सेवा देताना किंवा देण्याआधी केलेल्या कामासाठी विक्रेता जे जे पैसे ग्राहकाकडून घेतो ते सगळे किमतीत मोजले जातात. पार्सलचे पॅकिंगचे वीस रुपयेही त्यातच येतात, म्हणून पॅकिंगवरही पाच टक्के कर लागतो. त्याच न्यायानं हॉटेलनं ठराविक टक्के सर्व्हिस चार्ज घेतला तर तो करपात्र ठरतो. तो घेऊन त्यावर कर भरला नाही तर कर बुडवला असं होतं. आणि कर लावून घेतला तर ग्राहक प्राधिकरणाच्या सूचनेचा भंग होतो. मालक दोन्हीकडून अडकतो. यातून सुटण्याचा सरळ रस्ता एकच आहे: ती ओळ बिलात असूच नये.

मग वाढणाऱ्या माणसांचं काय? हा प्रश्न खरा आहे. ग्राहकानं आपल्या मनानं दिलेली टिप ही जेवणाची किंमत नाही. ती वेटरच्या हातात, त्याच्या यूपीआयवर किंवा काउंटरवरच्या टिपच्या डब्यात जावी. ती विक्रीत धरू नये आणि तिच्यावर कर लावू नये. पण रक्कम हॉटेलनंच ठरवली आणि बिलात छापली, तर तिला टिप म्हणा, कर्मचारी कल्याण म्हणा किंवा आणखी काही म्हणा, तो सर्व्हिस चार्जच. कामगारांना जास्त द्यायचं असेल तर दर वाढवा आणि पगार वाढवा. दहा टक्क्यांतून वेटरला नेमके किती मिळतात हे बिलावर कधीच लिहिलेलं नसतं. पगाराची नोंद मात्र हजेरीपटावर असते.

रकमांचा विषय इथे संपला. आता बिलाच्या माथ्याकडे जाऊ, कारण मालकांना नोटीस येते ती बहुतेक तिथल्या चुकांमुळे. टॅक्स इन्व्हॉइसवर हॉटेलचं नोंदणीतलं नाव, पत्ता, पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख, पदार्थ, नग, रक्कम, सूट, करपात्र रक्कम, कराचा दर आणि सीजीएसटी-एसजीएसटीच्या वेगळ्या रकमा हव्यात. पाटीवर एक नाव आणि नोंदणीत दुसरं असेल तर दोन्ही छापावीत. बिल 50,000 रुपयांचं किंवा त्याहून जास्त असेल तर नोंदणी नसलेल्या ग्राहकाचंही नाव आणि पत्ता लागतो. बारशाच्या किंवा साखरपुड्याच्या जेवणावळीत हे हमखास राहून जातं.

यातला बिलाचा क्रमांक सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. नियम सांगतो की तो सलग असावा, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि संपूर्ण आर्थिक वर्षात एकदाच यावा. PN/25-26/000123 असा क्रमांक चालतो. पण अनेक हॉटेलांत दुकान उघडलं की बिल नंबर पुन्हा एकपासून सुरू होतो, कारण कॅप्टनला रोजची बिलं मोजायला ते सोपं पडतं. मग वर्षभरात 17 नंबरची तीनशेहून जास्त बिलं तयार होतात आणि तपासणीत त्यांतलं खरं कोणतं हे सांगता येत नाही. रोजची मोजणी केओटीच्या क्रमांकावर करा. स्वयंपाकघरात जाणारी केओटी रोज एकपासून सुरू झाली तरी हरकत नाही, ती बिल नाही.

रद्द झालेलं बिल हा याच गोष्टीचा दुसरा भाग. टेबल बदललं, थाळी परत गेली, दोन टेबलांची बिलं एकत्र केली. काउंटरवरचा मुलगा जुनं बिल पुसून टाकतो आणि क्रमांकात भोक पडतं. बिल पुसायचं नाही, रद्द असा शेरा मारून क्रमांकासह ठेवायचं. जीएसटीआर-1 या विवरणपत्रात महिन्यात बिलं कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत निघाली आणि त्यांतली किती रद्द झाली, असा स्वतंत्र तक्ता असतो. तिथे आकडे जुळले नाहीत की पहिला संशय येतो तो विक्री लपवल्याचा. कच्चं बिल दाखवून पैसे घ्यायचे आणि पक्कं बिल काढायचंच नाही, हा प्रकारही इथेच पकडला जातो, कारण यूपीआयच्या जमा रकमा बँकेत असतात आणि बिलं कमी असतात. वडापाव-चहाच्या छोट्या गाड्यांना यात सवलत आहे. 200 रुपयांच्या आतल्या विक्रीला, ग्राहक नोंदणी नसलेला असेल आणि बिल मागत नसेल, तर वेगळं बिल नाही केलं तरी चालतं, दिवसअखेर सगळ्यांचं मिळून एक बिल करावं लागतं. ग्राहकानं मागितलं तर मात्र द्यावं लागतं.

आता एक प्रकार असा की ज्यात ग्राहकाचं सरळ नुकसान होतं. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेलं, मद्य न विकणारं हॉटेल कंपोझिशन योजनेत जाऊ शकतं. त्यालाही पाच टक्केच भरावे लागतात, पण उलाढालीवर आणि स्वतःच्या खिशातून. ग्राहकाकडून कर घ्यायची त्याला परवानगी नाही. त्यानं टॅक्स इन्व्हॉइस द्यायचंच नाही, बिल ऑफ सप्लाय द्यायचं, आणि त्याच्या माथ्यावर आपण कंपोझिशनमध्ये असून कर घेऊ शकत नाही असं छापायचं. तरीही अशी काही हॉटेलं बिलात पाच टक्के जीएसटी जोडतात. ज्याची नोंदणीच नाही, म्हणजे ज्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे, त्यालाही कर घेता येत नाही. हे तपासणं ग्राहकाला अवघड नाही. gst.gov.in वर करदात्याच्या शोधात बिलावरचा क्रमांक टाकला की हॉटेलचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि करदाता नियमित की कंपोझिशनमधला, एवढं लगेच दिसतं. क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. पणजीतल्या हॉटेलच्या बिलावर 27 नं सुरू होणारा क्रमांक दिसला तर काहीतरी नक्की चुकलं आहे.

हे राज्याचं गणित कंपनीच्या नावानं बिल मागणाऱ्यांनाही माहीत असावं. बंगळुरूच्या कंपनीचा माणूस पुण्यात जेवला तरी जेवणाची सेवा पुण्यातच झाली. म्हणून बिलावर सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटीच येतो, आयजीएसटी नाही. त्यानं कंपनीचा जीएसटी क्रमांक दिला तर तो बिलावर छापावा, आणि तो बिल निघायच्या आधी मागावा. नंतर हातानं लिहून दिलेल्या क्रमांकाला अर्थ नसतो, विवरणपत्रात ते बिल साध्या ग्राहकाचंच राहतं. तसंही जेवणावरच्या कराची वजावट कायद्यानं बहुतेक सगळ्या कंपन्यांना बंद केलेली आहे, हे हिशेबनीस सांगेलच.

झोमॅटो-स्विगीसारख्या अॅपवरून आलेल्या ऑर्डरचा नियम 1 जानेवारी 2022 पासून वेगळा आहे. त्या जेवणावरचा पाच टक्के कर अॅप चालवणारी कंपनी सरकारला भरते, आणि ग्राहकाचं बिलही तीच देते. हॉटेलच्या प्रिंटरमधून त्याच ऑर्डरचं जीएसटी लावलेलं बिल निघून पिशवीला टाचलं जातं, तेव्हा एकाच जेवणाचा कर दोन कागदांवर येतो. महिनाअखेर मालकानं सगळी बिलं एकत्र करून कर भरला तर तो त्या पैशांचा दुसरा कर ठरतो. अॅपच्या ऑर्डरसाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळा प्रकार ठेवावा, कराचा रकाना शून्य करावा आणि विवरणपत्रात ती विक्री तिच्या वेगळ्या जागी दाखवावी.

मालकांना माझं सांगणं आहे की उद्या हॉटेल उघडायच्या आधी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावा आणि त्याच्याकडून चार गोष्टी तपासून घ्या. सूट कराआधी वजा होते का, मद्यावर जीएसटी बसतो का, बिलाचा क्रमांक रोज मागे जातो का, आणि सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो आलं तर ती ओळ त्याच वेळी बंद करून घ्या.

आणि जेवायला जाणाऱ्यांना सांगणं एवढंच. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर पैसे देण्याआधी शांतपणे सांगा की हा काढून नवं बिल द्या, आणि वेटरला जे द्यायचं ते स्वतः द्या. हॉटेलनं नकार दिला तर बिलाचा फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते.